नर्व्हचा ग्राफ खाली कोण आणतं? पंप नाही म्हणे!

नेरूळ_लोकल
मी बीपीटी फर्स्ट इयर. परवा फिजिओचा इंटर्नल पेपर मिळाला. 'ॲक्शन पोटेन्शियलची आकृती काढून टप्पे समजवा' या प्रश्नाला ५ पैकी दीड मार्क. म्हणजे नर्व्हमधून इम्पल्स जाताना आतलं व्होल्टेज कसं वर-खाली होतं, तो ग्राफ. आकृती बरी होती हो, स्केल पेन्सिल घेऊन काढली होती. खाली लिहिलं होतं, 'सोडियम आत आला की ग्राफ वर जातो, मग सोडियम-पोटॅशियम पंप सोडियम बाहेर काढतो आणि ग्राफ खाली येतो.' सरांनी 'पंप' या शब्दाला लाल गोल केला आणि पुढे काहीच लिहिलं नाही. विचारायला गेले तर म्हणाले, पुस्तक वाच.

वाचलं. त्यात 'पंप मूळ स्थिती परत आणतो' असंच दिलंय. मग माझं चुकलं काय? ठाणे ते नेरूळ रोज अर्धा तास लोकलमध्ये हेच डोक्यात फिरतंय. कुणी ग्राफसकट समजावेल का? पाठ आहे सगळं. समजलेलं नाही.

रट्टा_मार
मी एमबीबीएस सेकंड इयर, म्हणजे या आगीतून गेलोय. फेज ० ते ४ लिही. ० सोडियम, १ थोडा पोटॅशियम, २ कॅल्शियम, ३ पोटॅशियम, ४ आराम. प्रत्येकी एक मार्क, झाले पाच.

खाडीकाठ
रट्टा_मार, हे तू हृदयाच्या स्नायूचं सांगितलंस. तिने नर्व्हचं विचारलंय. फेज २ मधलं ते पठार नर्व्हमध्ये नसतं. तिने हे लिहिलं तर दीडाचा अर्धा होईल.

नेरूळ_लोकल, मी भूलतज्ज्ञ होतो, आता नौपाड्यात घरीच असतो. पेशीच्या पडद्यात सोडियम-पोटॅशियमची जी दारं असतात, म्हणजे चॅनल, ती बंद पाडण्यावरच माझं पोट भरलं, म्हणून लिहितो. उद्या सकाळी सविस्तर. तोपर्यंत एक कर. ग्राफपेपर घे आणि ग्राफ काढायच्या आधी दोन आडव्या तुटक रेघा मार, एक +६० वर आणि एक −९४ वर. बाकी काही काढू नकोस.

टाकीवाला
मी इंजिनिअर, घोडबंदर रोड. बायॉलॉजी दहावीत सुटली, पण हे सर्किट आहे हे दिसतंय. पडदा म्हणजे कपॅसिटर. तो चार्ज होतो आणि आपोआप डिस्चार्ज होतो. खाली आणायला कुणी लागत नाही, लीकेज पुरतं. पंप म्हणजे चार्जर.

पामबीच_रनर
पोटॅशियमचा विषय निघालाच आहे तर विचारतो. सकाळी पामबीच रोडला १२ किलोमीटर झाले की पोटरीत गोळा येतो. पोटॅशियम म्हणजे स्नायूची ताकद ना? रोज तीन केळी खातो, तरी येतो. वाढवू का?

खाडीकाठ
सुप्रभात. रनरसाहेब, तुमच्या गोळ्याचं नंतर बघू. पण 'पोटॅशियम म्हणजे ताकद' हे वाक्य जपून ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

तर त्या दोन रेघा. पेशीच्या बाहेर सोडियम लिटरला साधारण १४२ मिलिमोल, आत १४. पोटॅशियम बरोबर उलटा, बाहेर ४ आणि आत १४०. एकट्या सोडियमसाठी दार उघडं ठेवलं तर तो आत शिरत राहील आणि आतली बाजू +६० मिलिव्होल्टच्या आसपास गेली की थांबेल. एकट्या पोटॅशियमला दार उघडलं तर तो बाहेर जात राहील आणि −९४ ला थांबेल. म्हणजे या दोन रेघा म्हणजे दोन मुक्काम. ग्राफला स्वतःची बुद्धी नसते. ज्याचं दार जास्त उघडं, त्याच्या रेघेकडे तो धावतो. बस, एवढंच.

```
+60  - - - - - - - - - - - - - -  सोडियमची रेघ
+30             ग
               / \
  0           /   \
             /     \
-55         ख       \
-70  क_____/         \       ____
-80                   \__घ__/
-94  - - - - - - - - - - - - - -  पोटॅशियमची रेघ
```

'क' पासून निघ. आरामात पोटॅशियमची काही दारं कायम किलकिली असतात, म्हणून ग्राफ खालच्या रेघेजवळ. अगदी रेघेवर नाही, कारण सोडियमही थोडा आत झिरपतो. 'ख' ला, −५५ च्या सुमारास, सोडियमची दारं इतकी उघडतात की जो आत येतो तो आणखी दारं उघडवतो. मग ग्राफ उभा चढतो, वरच्या रेघेकडे. पण पोचत नाही, +३० लाच वळतो. का वळतो? तुझा सगळा प्रश्न या वळणावर आहे.

दोन गोष्टी होतात. सोडियम चॅनलला दाराशिवाय आतून एक बूच असतं, बेसिनच्या साखळीवरच्या बुचासारखं. दार उघडलं की मिलिसेकंदाच्या आत ते बूच भोकात जाऊन बसतं. दार उघडं, पण वाट बंद. आणि त्याच सुमाराला पोटॅशियमची जादा दारं उघडतात. तीही त्याच व्होल्टेजने जागी झालेली असतात, पण मंद आहेत, उशिरा उठतात. वरच्या रेघेकडे ओढणारं कुणी राहिलं नाही आणि खालच्या रेघेकडे ओढणारे वाढले. ग्राफ कोसळतो. ती मंद दारं मिटतातही उशिरा, म्हणून 'घ' ला −७० च्या खाली एक पोट दिसतं.

या साऱ्यात पंप कुठेच नाही.

नेरूळ_लोकल
काका, दोन रेघांचं भारी आहे! वर्गात कुणीच असं काढत नाही. पण पंप अजिबातच नाही? सोडियम आत आला ना, मग तो बाहेर काढल्याशिवाय −७० होणार कसं?

टाकीवाला
हाच माझाही प्रश्न. एनर्जी कुठून येते मग? खाडीकाठ, तुम्ही म्हणता दारं उघडतात आणि सगळं आपोआप. आमच्या सोसायटीत पंप बंद पडला तर नळाला पाणी येत नाही.

खाडीकाठ
लगेच बंद होतं का? टाकी भरलेली असेल तर पंप बंद असतानाही दुपारपर्यंत नळ चालतो ना? नळाला पाणी उंचीमुळे येतं. पंपाने ती उंची आदल्या रात्री दिली.

नेरूळ_लोकल, −७० व्हायला आत आलेलाच सोडियम बाहेर काढावा लागत नाही. धन प्रभार आत आला, तेवढाच धन प्रभार बाहेर गेला की हिशेब मिटला. जो गेला तो पोटॅशियम होता, इतकंच. व्होल्टेजला नावं कळत नाहीत.

आता वेळ बघ. ग्राफ +३० वरून खाली यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. एक पंप सेकंदाला शेदोनशे फेऱ्या मारतो, म्हणजे एका फेरीला पाच-दहा मिलिसेकंद. त्याची एक फेरी पुरी व्हायच्या आत तुझा ग्राफ खाली येऊन बसलेला असतो. आणि एका फेरीत तो तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो, म्हणजे निव्वळ एक प्रभार. उघड्या चॅनलमधून सेकंदाला लाखो आयन जातात. लाल गोल याचसाठी.

टाकीवाला
थांबा, हे मोजता येईल. पडद्याची कपॅसिटी किती धरायची?

खाडीकाठ
एका चौरस सेंटीमीटरला एक मायक्रोफॅरड.

टाकीवाला
मग १०० मिलिव्होल्टच्या बदलाला १०⁻⁷ कूलोम. ९६,५०० ने भागलं की एका चौ.सेंमी.ला सुमारे १ पिकोमोल. आता एक मायक्रॉन जाडीचा तंतू घेतो, आत पोटॅशियम १४०. त्याच्या तेवढ्याच पडद्यामागे पोटॅशियम निघतो ३,५०० पिकोमोल. म्हणजे एका इम्पल्सला साडेतीन हजारांतला एक खर्च!

मी हरलो. टाकी भरलेलीच आहे. पण सेकंदाला १०० इम्पल्स गेले तर काही सेकंदांत फरक जाणवेल, तेव्हा पंप लागणारच.

खाडीकाठ
बरोबर, आणि म्हणूनच तो सतत चालू असतो. तुमचा आकडा कमीत कमी खर्चाचा आहे, प्रत्यक्षात थोडा जास्त जातो, पण जातकुळी तीच.

हे नुसतं कागदावरचं नाही. स्क्विडच्या, म्हणजे बाजारात माकुल मिळतं त्याच्या, अंगात एक अर्धा मिलिमीटर जाडीचा ॲक्सॉन, म्हणजे नर्व्हचा तंतू, असतो. हॉजकिन आणि हक्सलींनी १९५२ साली सगळं गणित त्याच्यावरच मांडलं, १९६३ ला नोबेल मिळालं. त्यात तुमच्याच पद्धतीने मोजलं तर एका इम्पल्सला पन्नास लाखांत एक असा खर्च येतो. आणि १९६१ मध्ये बेकर, हॉजकिन आणि शॉ यांनी त्या ॲक्सॉनवर रूळ फिरवून आतला गर, टूथपेस्ट काढावी तसा, पिळून काढला आणि जागी नुसतं पोटॅशियमचं मिठाचं पाणी भरलं. पंपाला लागणारं इंधन आत नाही. तरी तो पोकळ ॲक्सॉन तासन् तास इम्पल्स नेत राहिला. ग्राफ वर गेला, खाली आला, पंपाशिवाय.

दिवाळे_बंदर
आम्ही माकुल चिरून धुऊन तळतो, त्यात नोबेल होतं हे आज कळलं 😄

माजिवडा_मीना
मी शिकणारी नाही, पण पोटॅशियम वाचून थांबले. माझी आई डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा. गणपतीत गावाला गेलो आणि एक वेळ चुकली. परत आलो त्या रात्री तिला खुर्चीतून उठता येईना. पाय उचलतच नव्हते, नुसते लोंबत होते, दुखत मात्र काही नव्हतं. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं तर पोटॅशियम ७ च्या वर. ईसीजी काढून धावपळच सुरू झाली, हातात कॅल्शियमचं इंजेक्शन, मग डायलिसिस. आता ठीक आहे. पण पोटॅशियम वाढला तर ताकद वाढायला हवी ना, रनर म्हणतायत तशी? आई लुळी का पडली? तेव्हा विचारलं, पण गडबडीत कुणी सांगितलं नाही.

टाकीवाला
खाडीकाठांच्या रेघांवरून मला उलटंच वाटतंय. बाहेर पोटॅशियम ४ ऐवजी ७ झाला तर खालची रेघ वर सरकेल.

```
61 × log(4/140) = -94
61 × log(7/140) = -79
```

रेघ १५ ने वर, म्हणजे आरामाची पातळीही वर, म्हणजे −५५ जवळ आलं. थोडा धक्का पुरेल. स्नायू जास्त चटकन पेटायला हवा. लुळा कसा?

रट्टा_मार
हा व्हायव्हाचा प्रश्न आहे बरं का! मला विचारला होता. मी पण 'जास्त एक्सायटेबल' म्हणालो होतो. सर नुसते हसले.

खाडीकाठ
मीनाताई, आई सावरल्या हे बरं झालं. पुन्हा असं वाटलं तर ईसीजीची वाट घरी बघू नका, थेट गाठा. तुम्ही गाठलंत तसंच.

टाकीवाला, तुमचं अर्धं बरोबर आहे. पोटॅशियम थोडासाच वाढला तर स्नायू खरंच थोडा चटकन पेटतो. चूक एकच, तुम्ही दाराचा हिशेब केलात, बुचाचा विसरलात.

स्नायूची आरामाची पातळी −९० च्या आसपास असते, नर्व्हपेक्षा खाली. तिथे बहुतेक सोडियम चॅनलची बुचं बाहेर लटकत असतात, म्हणजे चॅनल तयार. बूच बाहेर यायला तेवढं खोल व्होल्टेज लागतं. आता पोटॅशियम वाढला आणि पातळी −९० वरून हळूहळू −७७ ला येऊन बसली. एवढ्याने दारं घाऊक उघडत नाहीत, पण बुचं मात्र सरकून बसायला लागतात. ग्राफ वर गेलाच नाही, त्याआधीच बरीच चॅनल बाद. उरलेल्यांनी धक्का ओळखला तरी इतका सोडियम आत येत नाही की पुढच्यांना उघडवेल. चढ ठेंगणा, सुस्त, आणि पुढे सरकता सरकता विरतो. दारापर्यंतचं अंतर कमी झालं, पण दारामागे माणसंच उरली नाहीत.

स्क्विडच्या ॲक्सॉनमध्ये तर आरामातसुद्धा साधारण ६० टक्केच चॅनल तयार असतात, हॉजकिन-हक्सलींच्या हिशेबात. म्हणजे हा बुचाचा खेळ काठावरचाच आहे, थोड्या मिलिव्होल्टने पारडं फिरतं.

हृदयातही तेच. सुरुवातीला ईसीजीत टी लाट उंच आणि टोकदार होते, मग पी लाट सपाट होत जाते, क्यूआरएस रुंद होतो. रुंद का, तर चढ सुस्त झाला, लाट हृदयभर पसरायला वेळ लागतो. धावपळ पायांसाठी नव्हती, यासाठी होती. आणि ईसीजी साधा दिसला म्हणून निर्धास्त राहायचं नाही, सगळ्यांचा तो पायरीपायरीने बिघडत नाही.

पामबीच_रनर
म्हणजे केळी कमी करू?

खाडीकाठ
मूत्रपिंडं धडधाकट असतील तर तीन केळ्यांनी काही होत नाही, जास्तीचा पोटॅशियम मूत्रपिंडं बाहेर टाकतात. पण गोळा पोटॅशियम कमी पडल्यामुळे येतो हे तुम्ही गृहीत धरलंय. पळताना येणाऱ्या गोळ्याचं कारण काय यावर अजून वाद आहे, आणि केळ्याची बाजू त्यात फार भक्कम नाही.

माजिवडा_मीना
बुचाचं समजलं. दार जवळ आलं पण माणसं गेली. आईला असंच सांगते. मग कॅल्शियमने काय केलं? त्याने पोटॅशियम कमी झाला का?

खाडीकाठ
नाही, कॅल्शियमने पोटॅशियम उतरत नाही, तो डायलिसिसने उतरला. कॅल्शियम हृदयाला तेवढा वेळ सांभाळून घेतो. कसा, तर आम्ही वर्षानुवर्षं असं शिकवलं की तो पडद्याच्या बाहेरच्या बाजूला चिकटतो आणि −५५ चा उंबरठा वर सरकवतो, म्हणजे गेलेलं अंतर परत मिळतं.

रट्टा_मार
पण काका, आमच्या मॅडम म्हणाल्या हे आता सगळ्यांना मान्य नाही. कॅल्शियमच्या चॅनलमधून आत जाणारा प्रवाह वाढतो आणि सुस्त झालेली लाट पुढे न्यायला तोच मदत करतो, असंही मांडतात. आणि तुमच्याच बुचाच्या हिशेबाने, उंबरठा वर सरकवून बुचं बाहेर कशी येतील?

खाडीकाठ
चांगला पकडलास. बाहेरचा कॅल्शियम बुचालाही फसवतो, त्याला पडदा खोल आहे असं वाटतं, असं माझं उत्तर आहे. पण त्याने सगळं भागतं असं छातीठोक म्हणणार नाही. इंजेक्शन काम करतं, हे मी टेबलावर डोळ्यांनी पाहिलंय. कारणावर तुझ्या मॅडमशी एकदा बसायला आवडेल.

नेरूळ_लोकल
एक राहिलं. आम्हाला नर्व्ह, स्केलेटल स्नायू आणि हृदय तिन्ही ग्राफ एकाशेजारी एक काढायला सांगतात. मी तिन्ही सारख्याच रुंदीचे काढले होते.

खाडीकाठ
खालचा अक्ष बघितलास? नर्व्हचा एकदोन मिलिसेकंद, स्केलेटलचा दोन ते पाच, हृदयाच्या व्हेंट्रिकलचा २०० ते ३००. एका मिलिसेकंदाला एक सेंटीमीटर धरलास तर हृदयाचा ग्राफ दोन-तीन मीटर लांब होईल, नेरूळच्या प्लॅटफॉर्मवर बाकड्याएवढा. म्हणून प्रत्येकाखाली वेगळं माप लिही. मार्क तिथेच जातात.

हृदयात बूच बसल्यावरही ग्राफ कोसळत नाही, कारण कॅल्शियमचा मंद प्रवाह आत येत राहतो आणि आरामातल्या पोटॅशियमच्या काही दारांची वाट तेवढ्यात अरुंद होते. ओढाताण बरोबरीत सुटते, ते पठार. तोवर सोडियमची बुचं बसलेलीच, दुसरा धक्का घेतच नाहीत. म्हणून हाताच्या स्नायूला झटक्यावर झटके देऊन आवळून धरता येतं, हृदयाला नाही.

टाकीवाला
मी अजून लीकेजवर अडलोय. पोटॅशियमची जादा दारं नसतीच तर ग्राफ वरच अडकला असता?

खाडीकाठ
नाही, आणि तुमच्या पहिल्या प्रतिसादाला इथे थोडा न्याय मिळतो. स्क्विडमध्ये टीईए नावाचं रसायन घालून ती दारं बुजवली की ग्राफ खाली येतो, पण रेंगाळत. सस्तन प्राण्यांच्या मायलिनवाल्या, म्हणजे चरबीचं वेष्टन असलेल्या, नर्व्हमध्ये तर वेष्टनामधल्या उघड्या फटींवर, म्हणजे नोडवर, ही दारं मुळात फार कमी. तिथे बूच बसणं आणि तुमचं लीकेज, यांवरच बरंचसं काम भागतं. पुस्तकातला ग्राफ माकुलाचा आहे, आपल्या सगळ्या नर्व्हचा नाही. पण नेरूळ_लोकल, हे परीक्षेत लिहू नकोस, अजून एक लाल गोल होईल.

नेरूळ_लोकल
काल रात्री तिन्ही ग्राफ परत काढले. आधी दोन तुटक रेघा, मग वक्र, प्रत्येकाखाली वेगळं माप. फोटो टाकलाय. सरांना दाखवायच्या आधी बघाल?

खाडीकाठ
पाहिला. नर्व्ह उत्तम. स्केलेटलमध्ये 'घ' चं पोट तू नर्व्हसारखंच −९० च्या खाली काढलंयस. तिथे ते नसतं. उलट ग्राफ खाली येताना −९० च्या थोडा वरच रेंगाळतो, कारण बाहेर पडलेला पोटॅशियम स्नायूतल्या त्या बारीक टी-नळ्यांमध्ये साचतो. तेवढ्या जागेपुरती खालची रेघ वर सरकलेली असते. मीनाताईंच्या आईचं झालं तेच, फक्त अगदी छोटं.

नेरूळ_लोकल
खोडरबर घेते.